गलका करू नका: सॉक्रेटिसच्या भाषणातले ग्रीक निषेध आणि एका नियमाची तपासणी

आमच्या ग्रीक वाचनगटात आम्ही चौघे आहोत आणि गेल्या वर्षी आम्ही प्लेटोने लिहिलेले सॉक्रेटिसचे न्यायालयातले भाषण मुळातून वाचत होतो. वाचताना प्रत्येकाने आपापला मराठी तर्जुमा आधी लिहून आणायचा, मग तो सगळ्यांसमोर वाचायचा, अशी आमची रीत आहे. एका रविवारी गटातल्या सर्वांत तरुण सदस्याने एका वाक्याचा तर्जुमा वाचला: “आणि म्हणूनच सांगतो, गृहस्थहो, हा गलका आता थांबवा.” आमच्यातल्या एक निवृत्त संस्कृत शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळेच बाई म्हणतो, त्यांनी लगेच विचारले, “गलका सुरू झाला होता, हे कुठं लिहिलंय?” त्याने उत्तर दिले, “बाई, तसं लिहिलेलं नाही, पण क्रियापदच सांगतंय ना. वर्तमान आज्ञार्थ आहे.” त्या एका प्रश्नावर आमच्या तीन बैठका गेल्या. त्यांत जे हाती लागले ते येथे सविस्तर मांडतो, कारण हा नियम ग्रीक शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला पहिल्या-दुसऱ्या वर्षात भेटतो आणि ज्या परिच्छेदाच्या आधारावर तो प्रसिद्ध झाला, तोच परिच्छेद आमच्यासमोर होता.

प्रथम व्याकरणाची बाजू. “अमुक करू नको” असे समोरच्याला सांगायचे असेल तर अभिजात ग्रीक भाषेत दोन मार्ग आहेत. दोन्हींत नकारासाठी ‘मे’ हे अव्यय येते. त्याच्यापुढे एकतर वर्तमान धातुरूपाचा आज्ञार्थ येतो, नाहीतर अओरिस्ट धातुरूपाचा संभावनार्थ येतो. संभावनार्थ म्हणजे “व्हावे, होईल, झाले तर” अशा कल्पिलेल्या क्रियेचे रूप. गलका करणे या अर्थाचा धातू घेतला, तर पहिल्या मार्गाने ‘मे थोरुबेइते’ असे रूप होते आणि दुसऱ्या मार्गाने ‘मे थोरुबेसेते’. कानाला ऐकू येणारा मुख्य फरक त्या मधल्या ‘स’चा आहे. तो अओरिस्टची खूण आहे. मराठीत मात्र दोन्ही ठिकाणी “गलका करू नका” एवढेच म्हणता येते, आणि म्हणूनच आपल्याला हा फरक शिकावा लागतो.

अओरिस्ट हे नाव ऐकून भूतकाळ आठवतो, पण येथे त्याचा भूतकाळाशी काही संबंध नाही. ज्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले त्याचा अर्थ “सीमा न आखलेला” असा होतो. क्रिया किती वेळ चालली, अर्धवट आहे की चालू आहे, हे काही न सांगता अओरिस्ट ती क्रिया एक अख्खी गोष्ट म्हणून समोर ठेवतो. वर्तमान धातुरूप तीच क्रिया चालू असलेली, आतून पाहिलेली अशी दाखवते. गलक्याच्या बाबतीत सांगायचे तर अओरिस्टला “गलका उठला” ही घटना दिसते आणि वर्तमानाला “गलका चालला आहे” ही स्थिती दिसते. भूतकाळ दाखवण्यासाठी ग्रीक भाषा क्रियापदाच्या आधी ‘ए’ हा आगम लावते आणि तो फक्त स्वार्थात लागतो. संभावनार्थात आगम नाही, म्हणून भूतकाळही नाही.

येथे बाईंचा चेहरा खुलला. संस्कृत लुङ् लकार हा अओरिस्टचा सख्खा नातेवाईक आहे. त्यालाही भूतकाळी ‘अ’ हा आगम लागतो, आणि निषेधाच्या ‘मा’बरोबर तो आला की आगम गळतो. “अगमः” म्हणजे “तू गेलास”, पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात “क्लैब्यं मा स्म गमः” आणि अठराव्या अध्यायात “मा शुचः”. पाणिनीने यासाठी ‘माङि लुङ्’ आणि ‘न माङ्योगे’ ही सूत्रे दिली आहेत. ज्याने शाळेत “मा शुचः” पाठ केले आहे, त्याच्या तोंडी अओरिस्टचा निषेध आधीपासूनच आहे. या धाग्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

आता त्या प्रसिद्ध नियमाकडे वळतो. वर्तमान आज्ञार्थाचा निषेध म्हणजे “करत आहात ते थांबवा” आणि अओरिस्ट संभावनार्थाचा निषेध म्हणजे “अजून केलेले नाही, ते सुरूच करू नका”, असा तो नियम. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला अभ्यासकांत यावर चर्चा झाली. १९०६ साली जे. एच. मोल्टन यांच्या नव्या कराराच्या ग्रीक व्याकरणात तो नियम आला आणि तेथून तो पाठ्यपुस्तकांत आणि ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या वर्गांत पसरला. मोल्टन यांनी केंब्रिजचे हेन्री जॅक्सन यांच्याकडून ऐकलेली एक हकीकत तेथे दिली आहे. जॅक्सन यांचे डेव्हिडसन नावाचे स्नेही आधुनिक ग्रीक शिकत असताना या दोन रूपांमुळे गोंधळले होते. एकदा त्यांनी एका ग्रीक मित्राला भुंकणाऱ्या कुत्र्याला दटावताना ऐकले, आणि मित्राने वर्तमानाचे रूप वापरले. कुत्रा भुंकतच होता, म्हणजे वर्तमानाचा अर्थ “थांब”. हा धागा पकडून त्यांनी सॉक्रेटिसचे भाषण उघडले. तेथे २०ई या ठिकाणी गलका होण्याआधी ‘मे थोरुबेसेते’ आणि थोड्याच ओळींनंतर २१ए या ठिकाणी गलका सुरू झाल्यावर ‘मे थोरुबेइते’ अशी जोडी त्यांना सापडली. (हे आकडे १५७८च्या प्लेटोच्या छापील आवृत्तीचे पृष्ठक्रमांक आहेत आणि अक्षरे पानाचे भाग दाखवतात. आजही प्लेटोचा उल्लेख सगळीकडे याच पद्धतीने करतात.)

हकीकत इतकी नेटकी आहे की ती ऐकल्यावर नियम विसरणे कठीण जाते. आमच्या तरुण सदस्याने तो नियम निष्ठेने लावला होता. त्याची चूक एवढीच की त्याने तो मूळ वाक्यांवर तपासून पाहिला नाही, आणि खरे सांगायचे तर मीही तो इतकी वर्षे तसाच शिकवत आलो होतो.

तपासण्यासाठी प्रसंग नीट डोळ्यांसमोर आणावा लागतो. ख्रिस्तपूर्व ३९९. अथेन्सच्या न्यायालयात सॉक्रेटिसवर देवांचा अनादर करण्याचा आणि तरुणांना बिघडवण्याचा आरोप आहे. समोर सुमारे पाचशे नागरिक न्यायदानासाठी बसले आहेत. हे लोक गप्प बसून ऐकणारे नव्हते. अथेन्सच्या न्यायालयांत आरडाओरडा करणे, वक्त्याला मध्येच तोडणे, टोमणे मारणे ही नेहमीची गोष्ट होती. म्हणूनच भाषणाच्या अगदी आरंभी सॉक्रेटिस विनंती करून ठेवतो की मी बाजारात बोलतो तसाच येथे बोललो तर नवल मानू नका आणि त्यावरून गलका करू नका. ही विनंती ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढचे सगळे निषेध तिच्या आधारावर उभे आहेत.

२०ईला सॉक्रेटिस आपल्या ‘शहाणपणा’बद्दलचा लोकप्रवाद कोठून आला हे सांगू लागतो. तो म्हणतो की मी काही फार मोठे बोलतो आहे असे तुम्हाला वाटले तरीही, अथेन्सच्या नागरिकांनो, मे थोरुबेसेते, कारण मी जे सांगणार ते माझे बोल नाहीत. ज्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवू शकता अशा एकाचे आहेत, आणि माझा साक्षीदार डेल्फीचा देव आहे. मग तो कायरेफोन या मित्राची आठवण काढतो. कायरेफोन लहानपणापासून माझा सोबती, लोकपक्षाबरोबर तो हद्दपारीत गेला आणि तुमच्याबरोबरच परत आला, आणि हातात घेतलेल्या कामात तो किती उतावळा असे हेही तुम्हाला ठाऊक आहे. पुढचे वाक्य असे: “तर एकदा डेल्फीला जाऊन त्याने हे विचारायचे धाडस केले, आणि, होपेर लेगो, मे थोरुबेइते, गृहस्थहो, त्याने विचारले की माझ्यापेक्षा शहाणा कोणी आहे का.” देववाणी सांगणाऱ्या स्त्रीने उत्तर दिले की कोणीही नाही.

येथे डेव्हिडसन यांचा अर्थ लावायचा तर दुसऱ्या निषेधाच्या क्षणी गलका चालू असला पाहिजे. पण तो कशावरून उठला? वाक्य अर्ध्यावर तुटलेले आहे. कायरेफोनने काय विचारले हे अजून सांगितलेले नाही. ज्यावर लोक चिडतील असे वाक्य, म्हणजे “सॉक्रेटिसपेक्षा शहाणा कोणी नाही” हे देवाचे म्हणणे, त्याच्या तोंडून अजून बाहेर पडलेलेच नाही. आतापर्यंत फक्त एवढेच कळले आहे की एक ओळखीचा माणूस डेल्फीला गेला आणि त्याने काहीतरी धाडसाचे विचारले. “डेल्फी” आणि “धाडस” हे शब्द ऐकूनच सभेत कुजबूज वाढली असेल, ही कल्पना अशक्य नाही. पण संहितेत तिचा कोणताही पुरावा नाही. गलका सुरू झाल्याचा पुरावा काय, तर वर्तमान आज्ञार्थ. आणि वर्तमान आज्ञार्थाचा अर्थ “थांबवा” असा का, तर गलका सुरू झाला होता म्हणून. बाईंच्या प्रश्नाने हेच वर्तुळ उघडे पाडले. त्या म्हणाल्या, “हे तर साध्यालाच साधन करणं झालं.”

शिवाय त्या वाक्यात ‘होपेर लेगो’ हे दोन शब्द आहेत, ज्यांकडे नियमाच्या घाईत दुर्लक्ष होते. त्यांचा अर्थ “जे मी म्हणतोय तेच”. म्हणजे सॉक्रेटिस स्वतःच सांगतो आहे की हा निषेध नवा नाही, आधीच्याचीच आठवण आहे. थोड्याच ओळींपूर्वी केलेली विनंती तो पुन्हा करतो आहे. मग रूप का बदलले? माझे मत असे आहे की पहिल्या वेळी त्याच्या मनात एक विशिष्ट क्षण होता: मी मोठे बोलल्यासारखे वाटेल त्या क्षणी एकदम गलका उठेल, तो उठू देऊ नका. “वाटले तरीही” अशा अटीला जोडलेला तो निषेध आहे, आणि अटीवर घडणारी एक अख्खी घटना अओरिस्टला शोभते. दुसऱ्या वेळी तो कथेच्या आत शिरला आहे, आणि आता लोकांनी कसे वागत राहावे हे तो सांगतो आहे: गलका करणाऱ्यांच्या स्थितीत जाऊ नका, मी बोलतोय तोवर शांतता राखा. ही चालू राहण्याची दृष्टी वर्तमानाची आहे. गलका आधीच चालू असेल तर हीच दृष्टी आपोआप “थांबवा” असा अर्थ देईल आणि नसेल तर “शांत राहा” असा देईल. म्हणजे “थांबवा” हा अर्थ प्रसंगातून येतो. रूपाचे काम त्याला जागा देण्यापुरते आहे.

हा अंदाज केवळ अंदाज राहू नये म्हणून आम्ही भाषणात पुढे गेलो, कारण तोच धातू पुढेही येतो आणि प्लेटो तेथे जास्त खुणा ठेवतो.

२७बीला सॉक्रेटिस मेलेटस या फिर्यादीला प्रश्न विचारतो आहे: माणसांच्या व्यवहारांवर विश्वास आहे पण माणसे आहेत यावर नाही, असा कोणी असतो का? मेलेटस उत्तर देत नाही. सॉक्रेटिस न्यायकर्त्यांकडे वळून म्हणतो की याने उत्तर द्यावे, आणि एकसारखा या ना त्या गोष्टीवरून गलका करू नये. येथे तृतीय पुरुषी वर्तमान आज्ञार्थ ‘थोरुबेइतो’ आहे. त्याच्याबरोबर आलेले “या ना त्या गोष्टीवरून” हे शब्द दाखवतात की मेलेटस खरोखर मध्ये मध्ये बोलत होता, आणि प्रश्नाला उत्तर मिळाले नाही हेही पुढच्या ओळींत दिसते. येथे “थांबवावे” असा अर्थ घ्यायला क्रियापदाच्या बाहेरचा पुरावा आहे. म्हणून येथे तो घेण्यास माझी हरकत नाही.

सर्वांत बोलका पुरावा ३०सीमध्ये आहे. तेथे सॉक्रेटिस नुकतेच म्हणाला आहे की मला सोडा किंवा सोडू नका, मला अनेकदा मरावे लागले तरी मी दुसरे काही करणार नाही. न्यायकर्त्यांना तोंडावर दिलेले हे आव्हान आहे. लगेच पुढे: “मे थोरुबेइते, अथेन्सच्या नागरिकांनो, मी तुमच्याकडे जी विनंती केली होती तिला धरून राहा: मी काहीही म्हटले तरी गलका करायचा नाही, ऐकायचे.” येथे गलका उठल्याची खूण पुरेशी आहे. चिडण्याजोगे वाक्य आधीच बोलून झाले आहे, आणि दिलेल्या शब्दाची आठवण तो मोडल्यावरच करून द्यावी लागते. तेव्हा हा निषेध “थांबवा” असाच आहे.

पण त्यानंतर दोन ओळींत सॉक्रेटिस म्हणतो: मी आणखीही काही गोष्टी सांगणार आहे, ज्यांवर तुम्ही कदाचित ओरडाल, “पण मुळीच तसे करू नका”. ग्रीकमध्ये ‘मेदामोस पोइएइते तूतो’. ‘पोइएइते’ हा वर्तमान आज्ञार्थ आहे. आणि ज्या ओरडण्याला तो मनाई करतो आहे, त्यासाठी त्याच वाक्यात भविष्यकाळाचे रूप वापरले आहे. ते ओरडणे अजून झालेले नाही, कारण ज्या गोष्टींवर ते व्हायचे त्याच अजून सांगितलेल्या नाहीत. नियम खरा असता तर येथे अओरिस्ट यायला हवा होता. ज्या भाषणातून नियमाला आधार मिळाला, त्याच भाषणाच्या दहा पाने पुढे, त्याच गलक्याच्या बाबतीत, वक्ता स्वतः तो नियम मोडतो. हे वाक्य दाखवल्यावर आमचा तरुण सदस्य बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “म्हणजे डेव्हिडसननी आणखी दहा पानं वाचायला हवी होती.”

त्यांच्याबद्दल न्यायाने बोलायचे तर कुत्र्याच्या बाबतीत ते चुकले नव्हते. कुत्रा भुंकत होता हे त्यांनी कानांनी ऐकले होते, म्हणजे पुरावा क्रियापदाबाहेरचा होता. चालू असलेली क्रिया थांबवायची असेल तर ग्रीक माणूस सहसा वर्तमानाचे रूप घेतो, हे निरीक्षण खरे आहे. अडचण येते ती उलट दिशेने जाताना. चालू क्रियेला वर्तमान लागते म्हणून वर्तमान दिसले की क्रिया चालू असलीच पाहिजे, असे होत नाही. पाऊस पडला की अंगण ओले होते. अंगण ओले दिसले म्हणून पाऊस पडलाच असे नाही, कोणी सडाही घातलेला असतो.

दुसऱ्या बाजूनेही, म्हणजे अओरिस्टच्या बाजूनेही, हीच गोष्ट दिसते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम येशूला विचारतो की म्हातारा झालेला माणूस पुन्हा जन्म कसा घेईल? तो आधीच चकित झाला आहे हे त्याच्या प्रश्नातच आहे. त्यावर येशू म्हणतो की तुम्हाला नव्याने जन्मले पाहिजे असे मी तुला सांगितले याचे आश्चर्य मानू नकोस. येथे ‘मे थाउमासेस’, म्हणजे अओरिस्ट संभावनार्थ. “अजून सुरू केले नाहीस, ते करू नकोस” हा अर्थ येथे बसत नाही. अओरिस्ट येथे सांगतो एवढेच की हे आश्चर्य, एक गोष्ट म्हणून, बाजूला ठेव. आणि अओरिस्ट म्हणजे “फक्त या एका वेळेपुरते” असेही समजू नये. मार्काच्या दहाव्या अध्यायात “खून करू नकोस, व्यभिचार करू नकोस, चोरी करू नकोस” या आज्ञा अओरिस्टमध्ये आहेत, आणि त्या आयुष्यभरासाठी आहेत. तेथे एकेक कृत्य अख्खे समोर ठेवून त्याला बंदी आहे: एकदाही नाही.

गीतेतल्या त्या दोन वाक्यांकडे आता परततो. “क्लैब्यं मा स्म गमः” हे कृष्ण म्हणतो तेव्हा अर्जुनाने धनुष्यबाण टाकून दिले आहेत आणि तो रथात खाली बसला आहे. “मा शुचः” हेही शोक करून झालेल्या माणसाला सांगितले आहे. बाईंनी ही उदाहरणे काढली तेव्हा मला प्रथम वाटले की नियमाविरुद्ध आणखी पुरावा मिळाला. पण येथे सावध राहायला हवे. कार्ल होफमान यांनी १९६७ साली वैदिक निषेधांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मते ऋग्वेदाच्या भाषेत ‘मा’बरोबर लुङ्च्या धातूचे आगमरहित रूप आले तर अर्थ “होऊ देऊ नकोस” असा प्रतिबंधाचा असतो आणि वर्तमान धातूचे आले तर “चालले आहे ते थांबव” असा आवरण्याचा असतो. म्हणजे डेव्हिडसन यांचा नियम ग्रीकमध्ये जितका डगमगतो, त्यापेक्षा ऋग्वेदात तो बराच स्थिर दिसतो. गीतेच्या काळापर्यंत संस्कृतात लुङ् हा ‘मा’बरोबरचा ठरीव साज होऊन बसला होता, त्यामुळे गीतेच्या ओळींवरून वेदातल्या किंवा ग्रीकमधल्या फरकाबद्दल काही ठरवता येत नाही. दोन भाषा नात्यातल्या आहेत म्हणून एकीतला नियम दुसरीला जसाच्या तसा लागू होतो असे नाही. मला हा बारकावा फार मोलाचा वाटतो, कारण बहिणी-बहिणींची तुलना करताना आपण सगळ्यांत जास्त येथेच घसरतो.

या वर्तुळाची किंमत कधी कधी एका भाषांतरापेक्षा मोठी असते. योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थानानंतर बागेत येशू मरीया मग्दालियाला ‘मे मू हप्तू’ म्हणतो, म्हणजे वर्तमान आज्ञार्थात “मला शिवू नकोस”. नियम हातात घेऊन पुष्कळांनी याचे भाषांतर “मला धरून राहू नकोस, सोड” असे केले, आणि मग तिने त्याचे पाय धरले होते अशी गोष्ट रचली गेली. योहान तसे लिहीत नाही. पाय धरल्याचा उल्लेख मत्तयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे, पण तो प्रसंग वेगळ्या पद्धतीने सांगितला आहे. हप्तू ज्याचे रूप आहे त्या धातूचा अर्थच स्पर्श करणे आणि धरणे असा दोन्हीकडे झुकणारा असल्याने आणि वर्तमान रूप धरून असण्याची स्थिती दाखवत असल्याने “धरून राहू नकोस” हे वाचन शक्य आहे, कदाचित चांगलेही आहे. पण ते शक्य आहे ते धातूच्या अर्थामुळे आणि प्रसंगामुळे. “वर्तमान म्हणजे थांबव” एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही.

तर वाचताना काय करायचे? आमच्या गटाने स्वतःपुरता एक क्रम ठरवला आहे. निषेध दिसला की आधी क्रियापदाचे रूप झाकून प्रसंग वाचायचा आणि विचारायचे की मनाई केलेली गोष्ट चालू आहे याची दुसरी काही खूण आहे का, जसे ३०सीला विनंतीची आठवण आहे किंवा २७बीला “या ना त्या गोष्टीवरून” आहे. खूण असेल तर “थांबवा” म्हणायला हरकत नाही. नसेल तर रूपाकडे पाहून एवढेच विचारायचे की वक्ता एक घटना समोर ठेवतो आहे की वागण्याची रीत. काही शब्द इतके रुळलेले असतात की त्यांच्याकडून फारशी अपेक्षा धरू नये. “भिऊ नकोस” हा दिलासा नव्या करारात वर्तमानात वारंवार येतो आणि तेथे ते बरेचसे ठरीव बोलणे असते. आणि दोन्ही कसोट्या लावूनही अर्थ उघडा राहिला, तर मराठीतही तो उघडाच ठेवायचा.

शेवटची गोष्ट वाटते तितकी अवघड नाही, कारण आपल्या भाषेत तिच्यासाठी साधने आहेत. “गलका करू नका” हे चालू गलक्याला आणि येऊ घातलेल्या गलक्याला सारखेच लागू पडते. घटनेवर बोट ठेवायचे असेल तर “उठवू नका” आहे, चालू असलेल्याला आवरायचे असेल तर “करत बसू नका”, “थांबवा”, “पुरे” आहे, आणि काहीच ठरवायचे नसेल तर नुसते “नको” आहे. “नको”ला काळ नाही आणि सुरुवात-शेवट नाही.

पुढच्या बैठकीत त्या तरुण सदस्याने चारही ठिकाणे नव्याने लिहून आणली. २०ईला त्याने लिहिले, “मी फार मोठे बोलतो आहे असे तुम्हाला वाटले, तरी गलका उठवू नका.” मेलेटसचे वाक्य झाले, “त्याने उत्तर द्यावे, उगाच एकामागून एक हरकती घेत गलका करत बसू नये.” ३०सीला, “गलका थांबवा, नागरिकहो, आणि माझ्या विनंतीला धरून राहा,” आणि लगेच पुढे, “त्यावर तुम्ही कदाचित ओरडाल, पण तसे मुळीच करू नका.” २१एच्या वाक्यावर त्याने दोनदा खाडाखोड केलेली दिसत होती. शेवटी कागदावर राहिले ते असे: “तर एकदा डेल्फीला जाऊन त्याने हे विचारायचे धाडस केले, आणि तेच म्हणतोय मी, गृहस्थहो, गलका नको, त्याने विचारले की माझ्यापेक्षा शहाणा कोणी आहे का.” बाईंनी ते वाक्य एकदा मोठ्याने वाचले, “गलका नको”च्या आधी जराशा थांबल्या, आणि आम्ही पुढचे पान उघडले.